वीस हजार शब्दांचं काम मध्येच थांबलं, तेव्हा बिल कसं केलं

शब्दामागे दर लावणाऱ्या भाषांतरकाराचं बिल एरवी एका ओळीत आटपतं: शब्द गुणिले दर. काम अर्ध्यावर थांबलं, दुरुस्तीच्या फेऱ्या वाढल्या, मधेच मूळ मजकूर बदलला, की ती एक ओळ पुरत नाही. इथे असंच एक प्रकरण पहिल्या कागदापासून शेवटच्या रुपयापर्यंत मांडलं आहे. दोन्ही पक्षांची नावं दिलेली नाहीत आणि हिशेब डोळ्यांसमोर राहावा म्हणून आकडे गोल केले आहेत.

भाषांतरकार नाशिकची, इंग्रजीतून मराठीत काम करणारी, जीएसटी नोंदणी नसलेली, पण छोटा उद्योग म्हणून सरकारची उद्यम नोंदणी असलेली. ग्राहक म्हणजे बेंगळुरूची, प्रशिक्षणाचं साहित्य तयार करणारी एक खासगी कंपनी. काम होतं गावपातळीवरच्या आरोग्य कर्मचाऱ्यांसाठीच्या पुस्तिकेचं. एकूण चार भाग: ६,२००, ५,४००, ४,८०० आणि ३,६०० शब्दांचे, मिळून २०,०००. दर मूळ इंग्रजी शब्दाला अडीच रुपये, म्हणजे पूर्ण काम ५०,००० रुपयांचं. त्यातले १०,००० आगाऊ. १ ऑगस्ट २०२५ रोजी कंपनीनं पर्चेस ऑर्डर काढली, आणि कोटेशनमधल्या अटी ऑर्डरला जोडल्या गेल्या. पुढे जे वसूल झालं ते या जोडलेल्या पानामुळे झालं, म्हणून त्यातल्या तीन अटी इथे द्यायला हव्यात.

पहिली, शब्द मूळ मजकुराचे मोजायचे. दुसरी, प्रत्येक भाग दिल्यावर दुरुस्तीच्या दोन फेऱ्या दरात धरलेल्या. एक फेरी म्हणजे सगळ्यांचे शेरे एकत्र केलेली एकच फाइल. त्यापुढचं काम तासाला ६०० रुपये. तिसरी अट अशी होती: "काम रद्द झाल्यास, लेखी सूचना मिळेपर्यंत पूर्ण करून दिलेल्या शब्दांना पूर्ण दर, कच्चा मसुदा झालेल्या शब्दांना दराच्या ८० टक्के, आणि ठरलेल्या पण हाती न घेतलेल्या शब्दांना दराच्या २० टक्के."

मूळ शब्द का मोजायचे

पुढे हिशेब विभागाशी पहिला खटका याच मुद्द्यावर उडाला. पहिले दोन भाग मूळ इंग्रजीत ११,६०० शब्दांचे होते. हिशेब विभागातल्या कोणीतरी मराठी फाइल वर्डमध्ये उघडून खालच्या पट्टीवरचा आकडा पाहिला, तो सुमारे ८,९०० होता. मग मेल आला की बिलात २,७०० शब्द जास्त लावले आहेत.

ही गफलत इंग्रजी-मराठी कामात नेहमी होते आणि तिचं कारण मराठीच्या घडणीत आहे. 'द वॉटर इन द वेल वॉज नॉट फिट फॉर ड्रिंकिंग' हे इंग्रजीत दहा शब्द. मराठीत 'विहिरीतलं पाणी पिण्याजोगं नव्हतं', चार शब्द. विभक्तीचे प्रत्यय आणि शब्दयोगी अव्ययं नामाला चिकटून येतात, 'द' आणि 'अ'ला मराठीत जागाच नाही, आणि 'वॉज नॉट' एका 'नव्हतं'मध्ये मावतं. मराठी जितकी घोटीव, तितके शब्द कमी. मराठी शब्दांवर दर लावला तर चांगलं लिहिणाऱ्याचं नुकसान आणि पाल्हाळ लावणाऱ्याचा फायदा होतो. शिवाय काम संपेपर्यंत खर्च किती होणार हे ग्राहकालाही कळत नाही. मूळ शब्द मोजले की दोघांनाही आकडा पहिल्या दिवशी माहीत असतो.

भाषांतरकारानं उत्तरात वाद घातला नाही. अटीचं पान, मूळ चार फाइली आणि प्रत्येकीच्या शब्दसंख्येच्या खिडकीचं छायाचित्र पाठवलं. ही छायाचित्रं तिनं ऑर्डर यायच्या आधीच काढून ठेवली होती. वर्डच्या या खिडकीत चौकटीतला मजकूर आणि तळटीपा धरायच्या की नाही याची एक खूण असते. ती लावली की आकडा बदलतो, आणि या पुस्तिकेत चौकटी भरपूर होत्या. एकाच फाइलचे भाषांतराच्या सॉफ्टवेअरमधले आणि वर्डमधले आकडेही थोडे वेगळे येतात, कारण जोडरेघ, तिरकी रेघ आणि नुसते अंक यांची मोजणी सगळीकडे सारखी नसते. म्हणून 'वर्डची मोजणी, चौकटी व तळटीपांसह' एवढं कोटेशनमध्येच लिहून टाकावं. तिनं ते लिहिलं होतं, त्यामुळे हा प्रश्न एका मेलमध्ये मिटला.

तीन फेऱ्या, आणि तिसरीचे पैसे

पहिले दोन भाग २५ ऑगस्टला दिले. पहिल्या फेरीत ८४ शेरे आले. ते तिनं आधी तीन गटांत लावले, आणि एकूण प्रकरणात सगळ्यात शिकण्यासारखी गोष्ट हीच आहे.

काही शेरे चुकांचे होते. एका तक्त्यात ५ मिलीच्या जागी ५० मिली पडलं होतं, दोन वाक्यं सुटली होती. चूक ही चूकच. ती दुरुस्त करायला फेरी मोजायची नाही आणि पैसेही मागायचे नाहीत, मग ती पहिल्या फेरीत सापडो की पाचव्या. औषधाच्या पुस्तिकेत दहापट आकडा चुकणं गंभीर होतं आणि तिनं त्याच दिवशी ते पान वेगळं पाठवलं. दुसरा गट पसंतीचा: इथे हा शब्द नको, तो हवा. फेऱ्या असतात त्या याच गटासाठी. तिसरा गट मूळ मजकूर बदलल्याचा. इंग्रजीत नवा परिच्छेद आला तर ती दुरुस्ती नसते, ते नवं भाषांतर असतं, आणि त्याला शब्दाचा दर लागतो.

हे तीन गट वेगळे न काढता सगळ्याला 'करेक्शन' म्हटलं की बिलात गोंधळ होणारच. ग्राहकाला वाटतं चुका सुधारायचे पैसे लावले, भाषांतरकाराला वाटतं फुकट राबवलं, आणि आपापल्या जागी दोघंही बरोबर असतात.

दुसरी फेरी १२ सप्टेंबरला संपली. त्याच सुमाराला दुसऱ्या भागाची नवी इंग्रजी फाइल आली, बदल कुठे केलेत याची एकही खूण नसलेली. तिनं वर्डमधल्या तुलनेच्या सोयीनं जुनी आणि नवी फाइल समोरासमोर लावली आणि बदललेली वाक्यं पूर्ण मोजली. वाक्यातला एक शब्द बदलला तरी मराठी वाक्य बहुतेक वेळा नव्यानं बांधावं लागतं, म्हणून मोजायचं एकक वाक्य धरलं. ते ७०० शब्द भरले. आकडा काम सुरू करण्याआधी कळवला आणि होकार घेतला.

२२ सप्टेंबरला कंपनीच्या नव्या तपासनिसानं सांगितलं की 'डोस' नको, सगळीकडे 'मात्रा' करा. शब्दसूची ६ ऑगस्टला कंपनीनंच मंजूर केली होती आणि तिच्यात 'डोस' होता. समन्वयकाचं फोनवरचं म्हणणं, "मॅडम, एक शब्द तर बदलायचाय, शोधा आणि बदला दाबलं की झालं."

मराठीत तसं होत नाही. डोस पुल्लिंगी, मात्रा स्त्रीलिंगी. 'पहिला डोस दिला'चं 'पहिली मात्रा दिली' होतं, 'दुसरा डोस चुकला तर'चं 'दुसरी मात्रा चुकली तर'. म्हणजे नाम बदललं की आधीचं विशेषण आणि नंतरचं क्रियापद दोन्ही हलतात. 'डोसनंतर'चं नुसतं बटण दाबून 'मात्रानंतर' होईल, पण हवं असतं 'मात्रेनंतर', कारण मात्रा या शब्दाचं सामान्यरूप 'मात्रे' असं होतं. 'डोसचा', 'डोसमध्ये', 'डोसची नोंद' अशी रूपं धरून दोन भागांत २१२ जागा निघाल्या, त्यातल्या बऱ्याच तक्त्यांत, जिथे मथळा एका चौकटीत आणि त्याचं विशेषण दुसरीत होतं.

तिनं फोन संपल्यावर लगेच मेल टाकला: ही तिसरी फेरी आहे, मंजूर शब्दसूचीबाहेरचा बदल आहे, अंदाजे चार तास लागतील, २,४०० रुपये होतील, होकार आल्यावर सुरू करते. सोबत वरची तीन उदाहरणं जोडली. दुसऱ्या दिवशी होकार आला. त्या एका ओळीच्या होकारानं पुढे २,४०० रुपये वाचवले.

जे वाचले नाहीत तेही नोंदवायला हवेत. मांडणी झालेल्या पानांची तपासणी तिनं फोनवरच्या विनंतीवरून केली. मांडणीच्या सॉफ्टवेअरमध्ये देवनागरीची सेटिंग चुकीची असल्यानं रफार भलत्याच अक्षरावर बसले होते आणि ऱ्हस्व वेलांट्या अक्षराच्या मागे गेल्या होत्या. दीड तासाचं नेटकं काम, पण लेखी काहीच नाही. ते तिनं बिलात लावलं नाही, आणि ते बरोबर केलं. लेखी आधार असलेल्या ओळींमध्ये एक निराधार ओळ घुसवली की वाद त्या ओळीवर सुरू होतो आणि बाकीचं बिलही अडकून पडतं.

रद्द झाल्याचा दिवस

२९ सप्टेंबरला सकाळी ११.४० वाजता मेल आला: निधी देणाऱ्यांनी हात आखडता घेतला, पुस्तिकेचं काम थांबवा. तिनं त्या क्षणी थांबणं महत्त्वाचं होतं. सूचना मिळाल्यावर केलेलं काम अटीत बसत नाही, मग ते परिच्छेद पुरा करण्यापुरतं असलं तरी.

तिसऱ्या भागातलं काम कुठवर आलं होतं हे दाखवण्यासाठी तिनं मूळ फाइलीत सुरुवातीपासून शेवटच्या भाषांतरित वाक्यापर्यंतचा मजकूर निवडला, खालच्या पट्टीवर निवडलेल्या शब्दांचा आकडा पाहिला: ४,८०० पैकी २,९००. त्या वाक्यावर खूण केली आणि मराठी मसुद्यासह फाइल त्याच दुपारी पाठवली. मसुद्याच्या प्रत्येक पानावर 'कच्चा मसुदा, छपाईसाठी नाही' असं होतं. हे लिहिलं नाही तर असा मसुदा वर्षभरानं जसाच्या तसा छापला जाण्याची भीती असते, आणि औषधांच्या मजकुरात ते कोणालाच परवडणारं नाही.

२,९०० शब्दांना पूर्ण दर का नाही? कारण भाषांतराच्या दरात पहिलं लेखन, स्वतःची तपासणी आणि दोन फेऱ्या असं सगळं धरलेलं असतं. इथे फक्त लेखन झालं होतं. वीस टक्के सोडणं हे उदारपण नाही, न केलेल्या कामाचे पैसे न मागणं आहे.

उरलेले शब्द ५,५००: तिसऱ्या भागातले १,९०० आणि चौथा पूर्ण भाग. यांना २० टक्के, म्हणजे शब्दाला पन्नास पैसे. हिशेब विभागाचा दुसरा आक्षेप इथेच आला, "जे काम झालंच नाही त्याचं बिल कसं?" याला उत्तर असं की ही रक्कम शब्दांची नाही, राखून ठेवलेल्या दिवसांची आहे. दिवसाला साधारण २,००० शब्द धरले तर ५,५०० शब्द म्हणजे पावणेतीन दिवस, जे इतर कामं नाकारून या पुस्तिकेसाठी ठेवले होते.

हा टक्का पन्नास किंवा शंभर ठेवण्याचा मोह होतो, पण तो टिकत नाही. भारतीय करार कायदा १८७२ च्या कलम ७४ नुसार करारात भरपाईची रक्कम लिहिलेली असली तरी न्यायालय त्या मर्यादेत राहून वाजवी तेवढीच भरपाई देतं. लिहिलेला आकडा म्हणजे वरची मर्यादा. म्हणून वीस टक्के मागणं आणि त्यामागचे पावणेतीन दिवस दाखवता येणं हे जास्त भक्कम. शिवाय असा आकडा ग्राहक ऑर्डर देतानाच न कुरकुरता मान्य करतो.

बिल

पहिला मसुदा तिनं असा केला होता: 'भाषांतर, २०,००० शब्द, ५०,००० रुपये, वजा रद्द काम ८,३००'. बेरीज बरोबर येते, पण त्यातून काय झालं आणि काय नाही हे कळत नाही, तिसरी फेरी आणि वाढीव शब्द वजाबाकीत गडप होतात. पाठवलेलं बिल असं होतं:

| तपशील | प्रमाण | दर (रु.) | रक्कम (रु.) |
|---|---|---|---|
| भाग १ व २, पूर्ण (मूळ शब्द) | ११,६०० | २.५० | २९,००० |
| भाग २, बदललेला मूळ मजकूर | ७०० | २.५० | १,७५० |
| तिसरी फेरी, 'डोस' ते 'मात्रा' | ४ तास | ६०० | २,४०० |
| भाग ३, कच्चा मसुदा (८० टक्के) | २,९०० | २.०० | ५,८०० |
| रद्द काम, भाग ३ उरलेला व भाग ४ (२० टक्के) | ५,५०० | ०.५० | २,७५० |
| एकूण | | | ४१,७०० |
| वजा आगाऊ रक्कम (टीडीएस धरून) | | | १०,००० |
| येणे | | | ३१,७०० |

प्रत्येक ओळीखाली बारीक अक्षरात आधार: देण्याच्या मेलची तारीख, होकाराच्या मेलची तारीख, अटीचा क्रमांक. वर ऑर्डरचा क्रमांक, दोघांचे पत्ते, तिचा पॅन आणि उद्यम क्रमांक, खाली बँकेचा तपशील.

बिल पाठवण्याआधी तिनं आणखी एक गोष्ट केली, जी बहुतेकजण विसरतात. मूळ ऑर्डरमध्ये 'तिसरी फेरी' आणि 'रद्द काम' अशा ओळीच नव्हत्या. मोठ्या कंपनीत बिलातली ओळ ऑर्डरशी जुळली नाही की यंत्रणा बिल परत पाठवते, आणि ते परत गेलंय हे महिनाभर कळतही नाही. म्हणून तिनं समन्वयकाला हाच तक्ता पाठवून सुधारित ऑर्डर काढून घेतली. त्यात आठवडा गेला, बिलावर ६ ऑक्टोबर ही तारीख पडली, पण ते एकदाच गेलं आणि आत शिरलं.

कर

उलाढाल वर्षाला २० लाखांच्या आत असल्यानं तिला जीएसटी नोंदणी सक्तीची नाही, काम परराज्यातल्या ग्राहकाचं असलं तरी. नोंदणी नसताना बिलावर कर लावता येत नाही आणि कागदाला 'टॅक्स इन्व्हॉईस' म्हणता येत नाही. 'जीएसटी नोंदणी नाही' एवढी ओळ पुरते. नोंदणी असती तर भाषांतर सेवेचा कोड 998395 लिहून ४१,७०० वर १८ टक्के आयजीएसटी, म्हणजे ७,५०६ रुपये लागले असते. रद्द कामाच्या ओळीवरही, कारण अशा शुल्काला मूळ सेवेचाच कर लागतो हे केंद्रानं ऑगस्ट २०२२ च्या परिपत्रकात स्पष्ट केलं आहे.

टीडीएसची चूक आगाऊ रकमेपाशी होते. त्या आर्थिक वर्षात याच कंपनीचं आधीचं काम ६०,००० रुपयांचं झालं होतं, म्हणजे कलम १९४जे ची ५०,००० ची मर्यादा ओलांडली होती आणि दहा टक्के कापले जाणार होते. आगाऊ १०,००० मधून १,००० कापून हातात ९,००० आले होते. बिलात वजा करायचे ते १०,०००, कारण कापलेला हजारही तिच्याच नावावर भरला गेला आहे. ९,००० वजा केले असते तर येणे ३२,७०० दिसलं असतं आणि हजार रुपये दोनदा मागितल्यासारखं झालं असतं. उलट बाजूनं, बिलात एकूण आणि आगाऊ वेगळे न दाखवल्यास हिशेब विभाग पूर्ण ४१,७०० वर पुन्हा टीडीएस कापतो. बरोबर हिशेब ३१,७०० वर दहा टक्के, ३,१७०. हातात यायचे २८,५३०.

पैसे

अट तीस दिवसांची होती. बिलावर उद्यम क्रमांक असल्यानं एमएसएमई विकास कायदा २००६ मागे उभा होता: करारात काहीही लिहिलं असलं तरी ४५ दिवसांपलीकडे जाता येत नाही, आणि उशीर झाल्यास रिझर्व्ह बँकेच्या बँक दराच्या तिप्पट दरानं, महिन्याच्या चक्रवाढीनं व्याज लागतं. वेळेत न दिलेली आणि वर्ष संपेपर्यंत थकलेली अशी रक्कम तेव्हा लागू असलेल्या आयकर कायदा १९६१ च्या कलम ४३बी मुळे कंपनीला त्या वर्षाच्या खर्चात धरता येत नव्हती, हे हिशेब विभागाला व्याजापेक्षा जास्त बोचतं. या संरक्षणासाठी नोंदणी काम सुरू होण्याआधीची असलेली बरी, बिल थकल्यावर केलेली उपयोगी पडेलच असं नाही. तिनं यातलं काही मेलमध्ये लिहिलं नाही. पंचविसाव्या दिवशी फक्त बिलाचा क्रमांक आणि देय तारीख कळवली.

४ नोव्हेंबरला २८,५३० रुपये खात्यात आले. तिच्याकडून एक काम उरलं होतं ते २६एएस, म्हणजे तिच्या नावावर जमा झालेल्या कराचा आयकर खात्याचा उतारा, तपासण्याचं. आगाऊवरचे १,००० जुलै-सप्टेंबर तिमाहीत आणि ३,१७० ऑक्टोबर-डिसेंबर तिमाहीत दिसायला हवेत. कंपनीनं ऑक्टोबर-डिसेंबर तिमाहीचं विवरण भरायची मुदत ३१ जानेवारी, त्यामुळे ती नोंद फेब्रुवारीत पाहायची. तोवर बिल, सुधारित ऑर्डर आणि होकाराचे दोन मेल एकाच फोल्डरमध्ये राहिले.